एका हाताच्या टाळीला उत्तर असतं

दावा: «झेन गुरू ‘एका हाताची टाळी कशी वाजते?’ असली निरर्थक कोडी घालतात. त्यांना उत्तरच नसतं. विचार करकरून बुद्धी दमली की एका क्षणात साक्षात्कार होतो, आणि मग साधना संपते.»

उत्तर असतं. जपानच्या रिन्झाई या झेन पंथात तर ते तपासलंही जातं. १९१६ साली तिथे अशा कोड्यांची, म्हणजे कोआनांची, प्रचलित उत्तरं चक्क पुस्तकात छापली गेली. त्यात या कोआनाचं उत्तर असं: शिष्य गुरूसमोर नीट बसतो आणि न बोलता एक हात पुढे करतो.

एवढं पाठ करून काम भागेल असं वाटणं साहजिक आहे. पण गुरू तिथे थांबत नाही. ‘ऐकलास ना आवाज? मग पुरावा दे.’ ‘तू जळून राख झाल्यावर कसा ऐकशील?’ अशा उपप्रश्नांना सास्शो म्हणतात. पाठांतर करून आलेला पहिल्या-दुसऱ्यातच उघडा पडतो, कारण तो हाताबद्दल समजावून सांगू लागतो. समजावणी सुरू झाली की गुरू हातातली घंटी वाजवतो आणि भेट संपते. साधना-सप्ताहात, म्हणजे सेश्शिनमध्ये, अशा भेटी दिवसातून अनेकदा होतात.

बुद्धी दमवण्याची गोष्ट अर्धीच खरी. ‘कुत्र्यात बुद्धस्वभाव आहे का?’ या प्रश्नाला चाओचौ या चिनी गुरूने दिलेलं ‘मू’ (नाही) हे उत्तर नवशिक्याला दिलं जातं. त्यावर तर्क लढवायचा नसतो; बसताना, चालताना, जेवताना तो एकच शब्द धरून ठेवायचा असतो. मुमोनकान या ४८ कोआनांच्या संग्रहाचा संकलक वूमेन याने त्यावर सहा वर्षं घालवली, असं परंपरा सांगते. नुसतं थकून कोणी पोचत असतं, तर सहा वर्षं कशाला लागली असती?

राहिला तो ‘एक क्षण’. क्षण खरा असतो. त्याला केन्शो म्हणतात. पण हाकुइन या जपानी रिन्झाई गुरूचं (१६८६-१७६९) तरुणपणी काय झालं पाहा. चोविसाव्या वर्षी देवळाची घंटा ऐकताच त्याला केन्शो झाला, आणि गेल्या दोन-तीनशे वर्षांत असं कोणाला झालं नसेल, अशी त्याची खात्री पटली. त्या तोऱ्यातच तो शोजू या म्हाताऱ्या गुरूकडे गेला. शोजूने ‘मू’बद्दल विचारलं. हाकुइन म्हणाला, ‘मूला हात लावायला जागाच कुठे आहे?’ शोजूने त्याचं नाक धरून पिळलं: ‘हा बघ, लावला.’

अनुभव खोटा नव्हता. हाकुइन त्याला कवटाळून बसला होता, आणि वागण्या-बोलण्यात त्याचा मागमूस नव्हता. पुढे कित्येक महिने शोजूने त्याला झोडपलं. एका हाताची टाळी हे कोआन याच हाकुइनने साठी ओलांडल्यावर रचलं. केन्शोनंतरही शिष्याला आणखी कोआन दिली जातात ती म्हणूनच. पूर्ण अभ्यासक्रमाला वर्षानुवर्षं लागतात.

आणि हो, सगळं झेन असं चालत नाही. सोतो पंथात कोआनांचा असा टप्प्याटप्प्याचा अभ्यास सहसा नसतो. तिथे भर नुसत्या बसण्यावर आहे.