बॉल खंय गेलो?

मॅच रविवारी दुपारी दीडची. शनिवारी रात्री नऊ वाजता मी फोंड्यातल्या आमच्या हॉलमध्ये मोजपट्टी घेऊन रांगत होतो आणि आई सोफ्यावर बसून, "फरशी बदलतोस काय रे?" असं विचारत होती.

नऊ मित्र येणार होते. टीव्ही पंचावन्न इंची, म्हणजे पडदा चार फूट रुंद. सोफ्याची मुख्य रांग कर्णाच्या दीडपट अंतरावर हवी, म्हणजे सात फुटांवर. सोफा होता अकरा फुटांवर, आणि तिथून स्कोअर वाचायला प्रत्येक जण मान पुढे काढून बसायचा. सोफा ओढला. मग कळलं की टीव्हीच उंच आहे. ज्याने तो भिंतीवर लावला, त्याने उंची स्वतः उभं राहून ठरवली होती. आमचा टीव्ही उभ्यानं बघण्यासाठी आहे. बसलेल्या माणसाचा डोळा साडेतीन फुटांवर, पडद्याचा मध्य साडेपाच फुटांवर. शंभर षटकं वर बघायचं म्हणजे मानेचं कल्याणच. स्टँडची वरची बाजू थोडी पुढे झुकवली, तेव्हा कुठे टीव्हीने आमच्याकडे पाहिलं.

पुढे चटई, मागे जेवणाच्या खुर्च्या. बाजूला, पडद्याला पंचेचाळीस अंशांच्या कोनात एकच वेताची खुर्ची उरली. आमच्या टीव्हीचं पॅनल समोरून काळाकुट्ट काळा दाखवतं, पण बाजूला गेलं की रंग धुतल्यासारखे होतात आणि हिरवंगार मैदान थेट राखाडी. ती खुर्ची मास्तरला. तो मॅचभर मोबाईलवरच असतो.

आता चित्र. दुकानातून आणला तेव्हापासून टीव्ही 'व्हिव्हिड' मोडमध्ये होता. हा मोड दुकानाच्या झगझगीत दिव्यांखाली शेजारच्या टीव्हीवर मात करण्यासाठी असतो. घरात त्याचं मैदान पोपटाच्या पंखासारखं दिसतं आणि प्रत्येक खेळाडूला ताप आल्यासारखे गाल येतात. 'स्पोर्ट्स' नावाचाही मोड होता. नाव वाचून मी खूश झालो. तोही व्हिव्हिडचाच सख्खा भाऊ, फक्त आणखी निळसर.

खरी गंमत पुढे झाली. मी ॲपवर जुन्या मॅचचे हायलाइट्स लावले आणि वेगवान गोलंदाजाची एकच ओव्हर परत परत बघत बसलो. गोलंदाजाच्या हातातून बॉल सुटला, आणि मध्येच नाहीसा. पुढच्या वेळी दोन बॉल. त्यापुढच्या वेळी बॉलला धूसर शेपूट. शेजारचे बाबूकाका दाराशी आले होते. ते म्हणाले, "बॉल खंय गेलो रे?"

बॉल टीव्हीच्या डोक्यात गेला होता. ताशी एकशेचाळीस किलोमीटरने सुटलेला बॉल सेकंदाला जवळजवळ एकोणचाळीस मीटर जातो. प्रक्षेपणात सेकंदाला पन्नास चित्रं धरली, तर एका चित्रातून दुसऱ्या चित्रात तो पाऊण मीटर उडी मारतो. टीव्हीमधली 'मोशन' नावाची सोय या दोन चित्रांच्या मध्ये आपल्या मनाने तिसरं चित्र काढून भरते. कॅमेरा हळू सरकत असेल, तर छान. पण मुगाएवढा पांढरा ठिपका पाऊण मीटर उडाला, की ते बिचारं अंदाज करतं आणि चुकतं. मग ते बॉल गवताच्या रंगात विरघळवून टाकतं किंवा दोन्ही ठिकाणी ठेवतं. प्रत्येक कंपनीने या सोयीचं वेगळं बारसं केलंय, पण नावात 'मोशन' बहुधा सापडतंच. तिथे जाऊन 'जडर' आणि 'ब्लर' या दोन्ही पट्ट्या शून्यावर आणल्या. पुन्हा तीच ओव्हर. बॉल हातातून बॅटपर्यंत सलग आला. बाबूकाकांनी टाळी दिली.

मग हात शिवशिवायला लागले. व्हिव्हिड सोडून 'सिनेमा' घेतला. शार्पनेस पार खाली आणला, तशी खेळाडूंच्या कडेची खडूची रेघ पुसली गेली. कॉन्ट्रास्ट थोडा कमी केला, कारण तो फार चढला की उन्हातल्या फिकट खेळपट्टीवर पांढरा बॉल पांढऱ्यात पांढरा होऊन जातो. बारा वाजता झोपलो, एखादं मंदिर बांधून झाल्यासारखा.

रविवारी साडेबाराला सेटटॉप बॉक्स लावला, तर पुन्हा पोपटी मैदान, पुन्हा दोन बॉल! मला घामच फुटला. आईनं रात्री काही दाबलं का, अशी शंकासुद्धा येऊन गेली. तिची माफी नंतर मागितली. झालं होतं असं, की आमचा टीव्ही प्रत्येक इनपुटचा हिशोब वेगळा ठेवतो. मी मेहनत केली ॲपवर, मॅच येणार होती बॉक्सच्या एचडीएमआयवरून. पाहुणा आला मागच्या दारानं आणि रांगोळी पुढच्या दारात. सगळं पुन्हा केलं. आणि या वेळी दिवसाढवळ्या कळलं, की रात्री दिवे मालवून पसंत केलेला सिनेमा मोड उन्हात ग्रहणातल्या मॅचसारखा दिसतो. बॅकलाइट साठवरून नव्वदवर नेला, उजेड पाहून आपोआप मंद होणारा 'इको' बंद केला. टीव्हीसमोर पश्चिमेची खिडकी आहे. चारनंतर ती सूर्यासकट पडद्यात दिसते, म्हणून तिच्यावर आईची जाड वाकळ टांगली.

आवाजाचं खातं मी आमच्या इव्हेंटवाल्या मित्राकडे सोपवलं होतं, ही चूक. तो नरकासुराच्या रात्री वाजवतात तसला भला मोठा स्पीकर छातीशी धरून आला. ब्लूटूथनं जोडला. फलंदाजानं बॉल अडवला, शांतता, आणि मग 'ठक्'! यष्टीतला माईक बॅटपासून हाताच्या अंतरावर असतो, तरी आमच्या हॉलमध्ये तो पलीकडच्या म्हार्दोळ गावात असल्यासारखा. ब्लूटूथ आवाजाला गाठोडं बांधून पाठवतो आणि त्यात एकपंचमांश सेकंद सहज जातो. मित्र मेनूतला 'ऑडिओ डिले' वाढवायला लागला. मी त्याचा हात धरला. त्या पट्टीनं आवाज आणखी मागे ढकलता येतो, पुढे ओढता येत नाही. आवाज चित्राच्या पुढे धावत असेल, तरच ती कामाची. आपला आवाज मागे पडलाय. शेवटी मास्तरच्या स्कूटरच्या डिकीतून हेडफोनच्या भोकात जाणारी केबल निघाली. तिनं स्पीकर जोडला आणि 'ठक्' बॅटवर येऊन बसलं. बास मात्र पार खाली आणावा लागला. त्याआधी समालोचक विहिरीत पडून मदत मागत असल्यासारखे वाटत होते.

दीड वाजता नाणेफेक होऊन गेली होती, भजी कढईत होती, आणि पहिल्याच षटकात स्लिपकडे गेलेला बॉल नऊच्या नऊ जणांना दिसला. मी कुणाला काही सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. टीव्ही बरा असला की त्याबद्दल कुणी बोलत नाही.

सोमवारी संध्याकाळी घरी आलो, तर आई मालिका बघत होती. सुनेच्या गळ्यातला हार पुन्हा सूर्यासारखा तळपत होता.

"कालपासून बिघडला होता हो," ती म्हणाली. "सगळ्यांचं सोनं पितळेसारखं दिसत होतं. ते व्हिव्हिड का काय दाबलं, लगेच बरा झाला."