बाईंच्या निरोपाचा व्हिडिओ: एका मिनिटात किती शब्द मावतात?

मे महिना जवळ आला की शाळाशाळांत निरोप समारंभ सुरू होतात. आपल्याकडे एका काळी कित्येकांची जन्मतारीख शाळेत १ जून अशीच लागली. महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून अठ्ठावन्न पूर्ण होताना हे सगळे ३१ मे रोजी निवृत्त होतात. तेव्हा शाळेला सुट्टी असते आणि मुलं गावाला. म्हणजे व्हिडिओ करायचा असेल तर चित्रीकरण वार्षिक परीक्षा संपायच्या आत उरका. नंतर प्रत्येकाकडून क्लिप मागवत बसलात, तर एकाची उभी येते, एकाची आडवी आणि तिसऱ्याच्या मागे कुकरच्या शिट्ट्या.

आता संहितेचं. मराठी सावकाश, मनापासून बोललं तर सेकंदाला जेमतेम दोन शब्द होतात. व्हिडिओ पंचावन्न सेकंदांचा धरला, तर त्यात सत्तरच्या वर शब्द घालू नका. उरलेला वेळ चित्राला आणि शांततेला लागतो. बहुतेक संहिता इथेच फसतात. ‘गुरुर्ब्रह्मा’ नीट म्हटलं तर बारा-पंधरा सेकंद जातात. पुढे ‘आदरणीय, गुरुवर्य, आमच्या लाडक्या’ करत पूर्ण नाव आणि पद येईपर्यंत आणखी आठ-दहा. अर्धा मिनिट संपत आला आणि बाईंबद्दल अजून एक अक्षर नाही.

दुसरा घोटाळा भूतकाळाचा. ‘बाई प्रेमळ होत्या, शिस्तप्रिय होत्या’, मागे बासरी, कृष्णधवल फोटो. झाली की श्रद्धांजली! त्यावर ‘भावपूर्ण’ हा शब्द आला तर समोर बसलेल्या बाईंनाही चाहूल लागेल. ‘तुम्ही’ म्हणून थेट बाईंशी बोला. सध्याच्या मुलांनी वर्तमानकाळात बोलावं. जुन्या विद्यार्थ्यांनी ‘विचारायचात’, ‘रागवायचात’ म्हटलेलं चालतं, पण शेवटचं वाक्य आजचंच हवं.

मजकूर मिळवायचा तर दहा मुलांना ‘बाई कशा आहेत?’ असं विचारू नका, दहाही जण ‘छान’ म्हणतील. ‘बाई वर्गात सारखं काय म्हणतात?’ हे विचारा. तीन-चार जणांच्या तोंडी जे एकच वाक्य येईल, त्यावर व्हिडिओ उभा करा. बाकी गुण, पुरस्कार, किती वर्षं सेवा, ते सगळं मानपत्रात असतंच.

समजा, गणिताच्या बाई आहेत आणि ते वाक्य निघालं ‘पायऱ्या कुठायत?’ मग संहिता अशी होईल:

(चार सेकंद फक्त खडूचा आवाज, फळ्यावर तारीख उमटते.)
आठवीतली मुलगी: बाई, तुम्ही आधी तारीख लिहिता, मग आमच्याकडे बघता.
आठवीतला मुलगा: उत्तर बरोबर आलं तरी विचारता, ‘पायऱ्या कुठायत?’
माजी विद्यार्थिनी: तेव्हा राग यायचा. दहावीला उत्तर चुकलं, पण पायऱ्यांचे गुण मिळाले.
माजी विद्यार्थी: माझ्या चुकलेल्या गणिताखाली तुम्ही लिहिलं होतंत... (तो थांबतो. पाच सेकंद जुनी वही, लाल शाई: ‘इथपर्यंत बरोबर’.)
चौघं: बाई, इथपर्यंत बरोबर आलोय. पुढच्या पायऱ्या आम्ही लिहितो.
(चार सेकंद फळा. तारखेखाली मुलांच्या सह्या.)

बोललेले शब्द पन्नासच्या आत आहेत, व्हिडिओ मात्र पस्तीस-चाळीस सेकंदांच्या आसपास जातो. वहीची ती पाच सेकंदं कापायचा मोह होईल, कापू नका. खरी वही शोधा. नवीन वहीवर लाल पेनाने नक्कल केली, तर ते आपलं अक्षर नाही हे बाई लगेच ओळखतील.

शेवटचं वाक्य चौघांनीच म्हणावं. चाळीस जणांचा वर्ग एकत्र बोलला की शब्द चिकटतात आणि पडद्यावर नुसता गोंगाट ऐकू येतो. चौघांतही एकाने कॅमेऱ्याबाहेरून हाताची खूण द्यावी, नाहीतर ‘बाई’ चार वेळा ऐकू येतं.

चित्रीकरण करताना फोन आडवा धरा, सभागृहातला पडदा आडवा असतो. पंखा बंद करा. ती घरघर कानाला जाणवत नाही, फोन मात्र इमानदारीत टिपतो. रिकाम्या वर्गात आवाज घुमतो, म्हणून दप्तरं भरलेल्या वर्गात बोला आणि फोन बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवा. कागद हातात देऊ नका, डोळे खाली जातात. एकेकाला एकच वाक्य आहे, ते पाठ होतं. प्रत्येक क्लिपच्या आधी आणि नंतर दोन सेकंद गप्प राहायला सांगा, म्हणजे जोडताना पहिला शब्द तुटत नाही. मागे संगीत हवंच असेल तर शब्द नसलेलं, अगदी बारीक, आणि वही दिसते तेव्हा तेही बंद.

तयार फाइल व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नुसता व्हिडिओ म्हणून गेला तर तो दाबला जातो, आणि मोठ्या पडद्यावर बाईंची ती लाल अक्षरं फिस्कटलेली दिसतात. आदल्या संध्याकाळी त्याच सभागृहात, त्याच स्पीकरवर एकदा लावून बघा, आणि शेवटच्या बाकावर बसून ऐका.