विक्रीच्या एनओसी अर्जाबद्दलच्या अभिप्रायास उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय: "एका पानाच्या अर्जाचे पैसे घेतले आणि तोच अर्ज सोसायटीने परत पाठवला. मागे फ्लॅट भाड्याने देताना केलेल्या अर्जातच नाव बदलून दिले असते तर काय बिघडले असते? बँकेचे काम अडकले ते वेगळेच."

आदरणीय महोदय,

भाडेकरू आला तरी सभासद आपणच राहता. त्यामुळे त्या अर्जात राहायला कोण येणार, किती महिन्यांसाठी, गाडी कुठे लागणार आणि पोलिसांकडे नोंद झाली की नाही, एवढे असले की सोसायटीच्या मंत्र्यांचे समाधान होते. विक्रीत सभासदत्व आणि शेअर दुसऱ्याच्या नावावर जायचे असतात, म्हणून कमिटी सर्वांत आधी शेअर सर्टिफिकेटवरचे नाव अर्जातल्या नावाशी ताडून पाहते आणि सर्टिफिकेटवर जितकी नावे, तितक्या सह्या मागते.

आपल्या सर्टिफिकेटवर दोन नावे आहेत, म्हणूनच आमच्या मसुद्यात सहीच्या जागा दोन होत्या आणि दुसऱ्या सहसभासदांनी बाहेरगावाहून मूळ कागदावर सही करून तो कुरियरने पाठवावा, अशी पेन्सिलीची टीप खाली होती. सोसायटीकडे अर्ज पोहोचला तेव्हा दुसरी जागा कोरी होती, आणि तो परत करताना मंत्र्यांनी लेखी कारण तेवढेच दिले आहे. जुन्या अर्जात नाव बदलून ही अडचण सुटली नसती.

बँकेचे म्हणाल, तर खरेदीदाराच्या कर्जासाठी लागणारे पत्र सोसायटी बँकेच्या नावाने देते. फ्लॅट तारण ठेवण्यास हरकत नाही आणि बँकेचा बोजा आपल्या दफ्तरी नोंदवू, असे त्यात हवे असते. पुष्कळ बँका त्याचा नमुना स्वतःच देतात. बानाखत झाले की तो नमुना खरेदीदाराकडून मागून अर्जाला जोडावा, म्हणजे कमिटीच्या एकाच बैठकीत दोन्ही कागद निघतात.

मेंटेनन्स कोणत्या महिन्यापर्यंत भरला आहे ते लिहून शेवटच्या पावतीची झेरॉक्स जोडावी. हस्तांतरण फीची मागणी लेखी द्यावी, हे वाक्य आम्ही अर्जात मुद्दाम घालतो, कारण गुजरातेत आता ही फी विक्रीच्या किमतीच्या अर्ध्या टक्क्याहून किंवा १ लाख रुपयांहून, यांत जी रक्कम कमी तिच्याहून, जास्त घेता येत नाही. ४० लाखांच्या फ्लॅटला ती फार तर २० हजार होते. त्यापुढची तोंडी मागणी कागदावर सहसा उतरत नाही, असा आमचा अनुभव आहे.

दुसरी सही घेऊन कागद आमच्या दांडिया बाजारातल्या कार्यालयात आणावा. नव्या प्रतीचे पैसे पडणार नाहीत. या वेळी अर्ज दोन प्रतींत द्या आणि आपल्या प्रतीवर सोसायटीचा शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय तेथून निघू नका, कारण कमिटीने उशीर केला तर दाखवायला तोच एक पुरावा हाती राहतो.

आपला,
संचालक
दांडिया बाजार, वडोदरा