नंबर नुसता नंबर नसतो : एका प्रतिक्रियेला उत्तर

«लेख वाचला. चौकटीचं चित्र नसताना शब्दकोडं सोडवणं म्हणजे अंधारात दगड मारणं. सूत्राचा क्रमांक हा नुसता यादीतला नंबर असतो, त्यावरून काडीचंही कळत नाही. कमळाला तीन अक्षरांचे दहा शब्द आहेत, कुठला धरणार? फोटोवर तुमचं बोट आलंय ते वेगळंच. गावात पेपर पूर्ण मिळत नसेल तर दुसरा विरंगुळा शोधा, पण लोकांना चुकीचं शिकवू नका.» — एक कोडेप्रेमी

नमस्कार कोडेप्रेमी,

चौकट हरवलेलं शब्दकोडं नुसत्या सूत्रांच्या यादीवरून, क्रमांक वाचून कसं सोडवायचं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. फोटोवर बोट आलंय, हे मान्य. मोबाइल एका हाताने धरला होता आणि दुसऱ्या हाताने पंख्याच्या वाऱ्यात उडणारा कागद. तुमची नजर बारीक आहे, त्याबद्दल आभार.

आता तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल. «गावात पेपर पूर्ण मिळत नसेल तर» हे लिहिताना तुम्हाला काय वाटलं असेल ते मला कळलं, आणि ते लिहायची गरज नव्हती हेही तुम्हाला कळलं असेलच. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गावी पेपर यष्टीने यायचा आणि उतरायचा तो ग्रामपंचायतीच्या वाचनालयात. आमच्याआधी तिथे पोचणारा कोणी तरी भला माणूस कोड्याची चौकट ब्लेडने नीट कापून घरी न्यायचा. सूत्रांची यादी बाजूच्या रकान्यात असायची, ती राहायची. पानाला चौकोनी भोक आणि शेजारी आडवे-उभे शब्द, असा पेपर आम्ही पोरं वाचायचो. बाबा त्या भोकाशेजारी वहीचं पान ठेवून पेन्सिलीने घरं आखायचे आणि म्हणायचे, आधी नंबर वाच, अर्थ मागून पाहू. तुम्ही ज्याला विरंगुळा म्हणता तो मी असा शिकलो. दुसरा शोधायचा विचार अजून तरी नाही.

तरी भांडण तुमच्या सुराशी जास्त आहे, आणि सूर बाजूला ठेवला तर तुमच्या प्रतिक्रियेत उत्तर देण्यासारखं एकच वाक्य उरतं: क्रमांक हा नुसता यादीतला नंबर. हे वाक्य तुम्ही इतक्या ठामपणे लिहिलंय की कधी कोऱ्या कागदावर चौकट आखून नंबर टाकलेत का, असं विचारावंसं वाटतं. रागावू नका, खरंच विचारतोय.

नंबर टाकायची रीत अशी. वरच्या ओळीपासून सुरू करायचं, डावीकडून उजवीकडे जायचं, ओळ संपली की खालची. ज्या पांढऱ्या घरातून आडवा किंवा उभा शब्द सुरू होतो त्यालाच पुढचा नंबर. एकाच घरातून दोन्ही सुरू होत असतील तरी नंबर एकच. म्हणजे नंबर ही जागा आहे. १९१३ च्या २१ डिसेंबरला न्यूयॉर्कच्या एका पेपरात आर्थर विन यांनी पहिलं शब्दकोडं छापलं, तेव्हा तर प्रत्येक सूत्राला दोन आकडे होते, एक शब्द सुरू होतो त्या घराचा आणि एक संपतो त्या घराचा. पुढे शेवटचा आकडा गेला आणि कंसातली अक्षरसंख्या अनेक ठिकाणी त्याचं काम करू लागली. चित्र हरवलं तरी पत्ता यादीत राहतो, तो वाचता यायला हवा.

आता तुमचंच कमळ घेतो. समजा यादीत एवढं आहे:

आडवे: १. कमळ (३), ३. (शाई पसरलेली, वाचता येत नाही) (३), ५. मेज (३)
उभे: १. विदर्भातले एक गाव (४), २. कोर्टात बाजू मांडणारा (३), ३ आणि ४ पुसट

चौकट नाही. तुमच्या मते इथे दगड मारण्यापलीकडे काही करता येत नाही. बघू या.

पहिली गोष्ट, १ हा नंबर दोन्ही यादीत आहे. म्हणजे कमळाचं पहिलं अक्षर आणि गावाचं पहिलं अक्षर एकच, आणि मराठीत एकच म्हणजे काना-मात्रेसकट एकच. इंग्रजीत घरात फक्त एक लेटर बसतं, आपल्याकडे पूर्ण अक्षर बसतं, त्यामुळे «र» आणि «रा» एकमेकांच्या जागी चालत नाहीत. आता कमळाचे तीन अक्षरी शब्द आठवा: पंकज, नीरज, सरोज, अंबुज, जलज, उत्पल, नलिनी, राजीव. आणि विदर्भातली चार अक्षरी गावं: उमरेड, नरखेड, राळेगाव, रामटेक, पवनार, अशी. जुळणी लावली की चार जोड्या समोर येतात. उमरेड आणि उत्पल, नरखेड आणि नलिनी, आणि राजीवबरोबर राळेगाव किंवा रामटेक. पवनारचा «प» आहे, पंकजचा «पं», म्हणून तो गळतो. अर्थ अजून एकाचाही पक्का नाही, तरी तुमचे «दहा शब्द» तीनवर आलेत.

दुसरी गोष्ट २ नंबरची. तो आडव्यांच्या यादीत नाही, फक्त उभ्यांमध्ये आहे आणि आडव्या ३ च्या आधी येतो. वरच्या ओळीत १ नंतर दुसरा शब्द आडवा सुरू होण्याआधीच हा नंबर पडलाय. मग तो पहिल्या आडव्या शब्दाच्याच पोटात, म्हणजे कमळाच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या अक्षरावर असणार. ही शंभर टक्के खात्री नाही, हे सांगतो. वरच्या ओळीत दोन काळ्या घरांमध्ये एकटं पांढरं घर असेल तर तिथूनही २ उभा निघू शकतो. पण कोडं रचणारा वरची ओळ अशी क्वचितच वाया घालवतो.

आता २ उभा म्हणजे वकील, त्यावर वाद नको. पहिलं अक्षर «व». उत्पल आणि नलिनी या दोघांत «व» नाही. राजीवमध्ये आहे, तिसऱ्या अक्षरावर. इथे कमळ ठरलं आणि चौकट अजून कोऱ्या कागदावर आखलेलीही नाही.

गाव मात्र अजून ठरलेलं नाही, राळेगाव की रामटेक हा प्रश्न आहेच. इथे जे होतं त्यासाठीच मी मूळ लेख लिहिला होता, ते पुन्हा सावकाश लिहितो. राजीवच्या «जी» ला नंबर नाही. वरच्या ओळीतल्या पांढऱ्या घराखाली पांढरं घर असेल तर तिथून उभा शब्द निघतो आणि त्याला नंबर मिळतोच. «जी» ला तो मिळाला नाही, म्हणजे त्याच्याखाली काळं घर आहे. हा अंदाज नाही, वरची मांडणी धरली की दुसरा मार्गच उरत नाही. दुसऱ्या ओळीतलं दुसरं घर काळं असेल तर गावाच्या दुसऱ्या अक्षरावरून आडवा शब्द निघू शकत नाही. म्हणून डाव्या कडेवरून पुढचा आडवा शब्द निघायचा तर लवकरात लवकर तिसऱ्या ओळीतून, गावाच्या तिसऱ्या अक्षरावरून. ५ आडवा तिथे ठेवून पाहू. राळेगावचं तिसरं अक्षर «गा», रामटेकचं «टे». मेज, तीन अक्षरं, «टे» ने सुरू: टेबल.

आणि आता खरी परीक्षा. ५ आडवा तिसऱ्या ओळीत असेल तर त्याचं तिसरं अक्षर बरोबर वकीलच्या तिसऱ्या अक्षरावर पडतं. टेबलचा «ल», वकीलचा «ल».

```
रा  जी  व
म   ■   की
टे  ब   ल
क
```

चारही कोपरे एकमेकांना बांधले गेले. «मेज» ची जागा मी अंदाजाने धरली होती, पण शेवटचा «ल» मी निवडलेला नाही, तो आपोआप आला. अंदाज चुकला असता तर इथे «ल» वर «ला» किंवा असलंच काही बसलं असतं आणि मला सगळं खोडावं लागलं असतं. असं कडं पूर्ण झालं की पेन्सिल ठेवून पेन घ्यायचा. नुसती साखळी असेल, कडं जुळत नसेल, तर पेन्सिलच बरी. दगड कुठे मारला, कोडेप्रेमी, ते आता तुम्हीच सांगा.

हो, जिथे हे चालत नाही तेही सांगतो, नाही तर पुढच्या प्रतिक्रियेत तुम्ही तेच लिहाल. इंग्रजी पेपरांच्या बहुतेक चौकटी अर्ध्या फेऱ्यात फिरवल्या तरी तशाच दिसतात, त्यामुळे तिथे वरचा कोपरा मिळाला की खालचाही काळ्या-पांढऱ्या घरांसकट मिळतो. मराठी कोड्यात तो नेम धरता येत नाही, प्रत्येक कोपरा वेगळा सोडवावा लागतो. कंसातला आकडा छपाईत चुकला असेल तर कडं जुळत नाही, आणि चूक तुमची की छापणाऱ्याची हे कळायला वेळ जातो. अशा वेळी मी एका सूत्राचा आकडा झाकून बाकीची तीन जुळतात का ते पाहतो. जुळली तर झाकलेल्याचाच आकडा संशयित. जोडाक्षराचं एकच घर धरायचं, हे तुम्हाला सांगायला नको.

नीरज, जलज आणि अंबुज यांची तर वेगळीच गंमत आहे. कोडेकाराने उभ्यात «ढग (३)» दिला तर नीरद, जलद, अंबुद असे तिन्ही बसतात आणि पहिल्या अक्षराने काहीच सुटत नाही. तिथे तिसरा शब्द येईपर्यंत थांबायचं. बाबा अशा जागेवर चहा मागवायचे.

राहिलं तुमचं «एकच सूत्र हाती असेल तर काय», जे तुम्ही स्पष्ट लिहिलं नाही पण तुमच्या मनात होतं. कागदाच्या तुकड्यावर फक्त «१ आडवा, कमळ (३)» एवढंच उरलं असेल, तर त्यातून राजीव कोणी काढू शकत नाही. मूळ लेखात तसं म्हटलेलंही नाही, एकदा पुन्हा वाचा. चुकीचं शिकवण्याच्या आरोपावर मी बोलत नाही. वरच्या यादीतला शाई पसरलेला ३ आडवा «ढग (३)» असेल आणि ३ उभा «वरुडचं प्रसिद्ध फळ (२)» असेल, तर मेघाचा कोणता शब्द बसेल ते प्रतिक्रियेत लिहा. बसत नसेल तर का बसत नाही, तेही चालेल.