शिडी, दूध आणि धोंड्याचा महिना

आमच्या घरात महिन्याला खर्च किती होतो याचे दोन आकडे आहेत. माझा 22 हजार. हिचा आकडा ही कधी सांगत नाही, मी 22 म्हटलं की फक्त "बरं" म्हणते आणि भाकरी थापायला लागते.

मी कुपवाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो, मे 2023 ला साठाव्या वर्षी रिटायर झालो. आयुष्यभर दुसऱ्याच्या मालाचा हिशोब नटबोल्टासकट ठेवला पण स्वतःच्या पैशाचं स्टॉक टेकिंग केलं नव्हतं. फंड-ग्रॅच्युइटी आली त्यातले 24 लाख पोस्टात सीनियर सिटिझन स्कीमला टाकले, 8.2 टक्के, पाच वर्षं रेट हलणार नाही. उरलेले 14 लाख तीन बँकांत, दर बँकेत पाच लाखाच्या आत, कारण विमा व्याजासकट तेवढ्यालाच असतो. आणि हे 14 लाख मी एकाच दिवशी टाकले, 17 मे 2024, एक वर्ष. स्कूटर काढलीच आहे तर तिन्ही कामं उरकू, हा विचार.

याची फळं डिसेंबर 2024 मध्ये दातानं दिली. रूट कॅनॉल, कॅप वगैरे मिळून 40 हजार, आणि बचत खात्यात 11. सगळी ठेव मे पर्यंत कुलुपात. मी मुकाट्यानं 4 लाख 66 हजाराची एफडी मोडली. आता मोडताना काय होतं ते बघा. रेट होता 7, पण पैसे राहिले सातच महिने, म्हणून सात महिन्याच्या ठेवीला जो रेट तो लागला, 6. त्यातून आमच्या बँकेचा 1 टक्का दंड, म्हणजे 5. सात महिन्यांचे 19,000 मिळायचे तिथं 13,600 मिळाले, थोडक्यात दात 5,400 नं महाग पडला. पुतण्या म्हणाला "काका, एफडीवर कर्ज काढायचं की, 40 हजाराला मे पर्यंत चौदाशे-पंधराशे व्याज बसलं असतं." हे त्यानं जानेवारीत सांगितलं. आमच्या घराण्यात अक्कल नेहमी महिनाभर उशिरानं येते.

तेव्हा ठरवलं, 17 मे 2025 ला सगळं मॅच्युअर होईल तेव्हा शिडी लावायची. म्हणजे एक मोठी ठेव न ठेवता छोट्या छोट्या पावत्या करायच्या, प्रत्येकीची मुदत पुढच्या एकेका गरजेच्या आधी संपेल अशी. शिवाय त्या वर्षी फेब्रुवारी आणि एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेनं रेपो खाली आणला होता, सगळा पैसा वर्षातून एकाच दिवशी रिन्यू केला की त्या दिवशी जो पडेल रेट असेल तो सगळ्यालाच चिकटतो.

पण शिडी लावायची तर आधी खर्च माहीत पाहिजे. मी वही घेऊन बसलो, 22 हजार लिहिलं. ही उठली, भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यासकट काढून आणलं आणि माझ्या पुढ्यात ठेवलं. प्रत्येक तारखेच्या चौकोनात दूध 1, दूध दीड, गॅस, पेपरवाला, माझ्या बीपीच्या गोळ्या, लग्नाचा आहेर 501, कामवालीचा खाडा, सगळं. स्टोअरमधलं माझं मालाच्या नोंदीचं बिनकार्ड याच्यापुढं काहीच नाही. बेरीज आली 28 हजार. बारा महिने मागं जाऊन बघितलं तरी 28 च्या आसपास, आणि यात मेडिक्लेम नाही, दिवाळी नाही.

"तू आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही विचारलं नव्हतं. 22 सांगत होता तुम्ही."

मग आकडे मांडले. पोस्टाचं व्याज तीन महिन्यातून एकदा येतं, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारीच्या सुरुवातीला, माझं 49,200. फंडाची पेन्शन महिना 2,600. म्हणजे तिमाहीला 57 हजार आत, आणि खर्च तीन गुणिले 28, 84 हजार. खड्डा 27 हजाराचा. आणि गंमत बघा, हा खड्डा कुठल्या महिन्यात पडतो? पहिला महिना आपण राजे असतो, खात्यात 49 हजार बघून मी एकदा उगाच मिक्सर बदलला. दुसरा महिना ओढून ताणून निघतो, शेवटी हजार-दीड हजार कमी पडतात. तिसऱ्यात भडंग खाऊन राहायची पाळी. म्हणून पावती दर महिन्याला मॅच्युअर करून उपयोग नाही, ती दुसऱ्या महिन्याच्या 25 तारखेला सुटली पाहिजे. 25 ऑगस्ट, 25 नोव्हेंबर, 25 फेब्रुवारी, 25 मे. वर्षाला चार पायऱ्या, प्रत्येकी 27 हजार. मला इतका आनंद झाला की मी हिला टाळी मागितली, तिचे हात पिठात होते.

तीन वर्षांच्या बारा पायऱ्या करायच्या ठरल्या. मी सगळीकडे 27 हजारच लिहिले होते. ही बघून म्हणाली "तीन वर्षांनी दूध याच भावात मिळणार का?" मी म्हटलं धर 6 टक्के महागाई, 27 चे साडेअठ्ठावीस होतील, भीती कसली. आणि मग हिशोब करताना माझाच घाम निघाला. कारण पोस्टाचं व्याज आणि पेन्शन दोन्ही वाढत नाहीत. 84 हजार 6 टक्क्यांनी वाढून 89 होतात, येणारे मात्र 57 च, म्हणजे खड्डा 27 चा एकदम 32 हजार होतो. तिसऱ्या वर्षी 37 हजाराच्या वर. महागाई 6 टक्के पण शिडीवरचा भार दरवर्षी सतरा-अठरा टक्के, कारण दुधाचा वाढलेला प्रत्येक रुपया एकट्या शिडीनं उचलायचा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, दूधवाल्यानं तर नाहीच. मग पायऱ्या 27, 32, 37 अशा चढत्या केल्या. लांबच्या पायरीला आज पैसे कमी लागतात एवढाच दिलासा, तीन वर्षांनी साडेसदतीस मिळायला आज साडेतीस टाकले की झालं.

मेडिक्लेमचा हप्ता 9 जूनला 46 हजार, म्हणून मे ची पायरी जाड केली. हप्ता चुकला आणि पॉलिसी तुटली की जुन्या आजारांना विमा लागू व्हायची वाट बघणं परत पहिल्यापासून, त्यामुळं तिथं पंधरा दिवसाचं अंतर ठेवलं. दिवाळीचे 25 हजार मी नोव्हेंबरच्या पायरीत घातले आणि वही मिटली. हिनं उघडली.

"दिवाळी 21 ऑक्टोबरला आहे. तुमचे पैसे तुळशीच्या लग्नाला पण पोचत नाहीत."

बँक इंग्रजी तारखेनं चालते आणि आमचं घर तिथीनं, हे स्टोअरमध्ये कधी आडवं आलं नव्हतं. पुढच्या वर्षी लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबर. म्हणून दिवाळीची पावती शिडीतून बाहेर काढून वेगळी केली, दरवर्षी 5 ऑक्टोबर, दिवाळी कधी का येईना. सगळं मिळून साडेपाच लाखाच्या आत बसलं, एक लाख दातासारख्या प्रसंगाला हाताशी ठेवले आणि उरलेले लांब मुदतीला, दर मे मध्ये त्यातून चौथ्या वर्षाच्या पायऱ्या करायच्या.

याच बैठकीत मी सहज म्हटलं, "आपल्याकडं एकूण 14 लाखच ना?" ही काही बोलली नाही. मग उठली, आत गेली, आणि एका पतसंस्थेची 1,10,000 ची पावती आणि तांदळाचा डबा घेऊन आली. डब्यात 34,500, प्लास्टिकच्या पिशवीत. 2019 च्या पुरात आमच्या पावत्या दोरीवर चिमटे लावून वाळवल्या तेव्हापासून हिचा कागदावर विश्वास नाही, तांदूळ मात्र माळ्यावर चढवता येतो म्हणे. पतसंस्थेच्या ठेवीला बँकेसारखा पाच लाखाचा विमा नसतो हे मी चार वेळा समजावलं. तिचं म्हणणं, तिथली मुलगी घरी येऊन सही घेते, तुमची बँक येते का? शेवटी ती ठेव मुदत संपल्यावर बँकेत आणायची असं ठरलं. डब्याचा विषय काढायचा नाही असंही ठरलं, ते मी ठरवलं नव्हतं.

बँकेतली मुलगी पंधरा-वीस पावत्या बघून म्हणाली "काका, एकच मोठी करा ना, मंथली इंटरेस्ट घ्या." मी तिला वही दाखवली. तिनं गुपचूप प्रिंट काढायला सुरुवात केली. सगळ्या पावत्या माझं नाव आधी, हिचं नंतर, दोघांपैकी कुणीही काढेल अशा, कारण ही 58 ची, ज्येष्ठांचा अर्धा टक्का जास्त मिळायला पहिलं नाव माझंच लागतं.

25 ऑगस्ट उजाडला. शिडीची पहिली पायरी. 27 ला गणपती. मी सकाळपासून मोबाईल हातात, मेसेज येईना. ही पिशवी घेऊन तयार, हरभट रोडला जायचं, आरास, खोबरं, गूळ. संध्याकाळी मेसेज आला: तुमची ठेव पुढच्या 100 दिवसांसाठी नूतनीकरण झाली आहे, धन्यवाद.

फॉर्मवर खाली बारीक अक्षरात एक चौकोन असतो, मुदत संपल्यावर काय करायचं. आम्ही काही सांगितलं नाही तर बँक आपोआप तेवढ्याच मुदतीला परत ठेवते. म्हणजे मी शिडी लावली होती आणि प्रत्येक पायरी पाय ठेवायच्या आत वर सरकणार होती. दुसऱ्या दिवशी जाऊन ती मोडली, एका दिवसाच्या ठेवीला व्याज नसतं ते ठीक, पण सगळ्या पावत्यांवर "मुदतीनंतर बचत खात्यात जमा" करून घ्यायला दीड तास गेला. मागं रांगेतला माणूस "गणपती काय विसर्जनाला आणायचा काय ओ" म्हणाला. पावती हातात पडली की मॅच्युरिटी इन्स्ट्रक्शनची ओळ आधी वाचायची, रक्कम नंतर, हे आता मी वहीच्या पुठ्ठ्यावरच लिहून ठेवलंय.

नोव्हेंबर आणि फेब्रुवारीच्या पायऱ्या बरोबर तारखेला खात्यात आल्या. दोन्ही वेळा मी हिला मेसेज मोठ्यानं वाचून दाखवला, दोन्ही वेळा ही "बरं" म्हणाली.

परवा नवीन वर्षाचं कॅलेंडर चाळता चाळता ही थांबली. "यंदा अधिक आहे. 17 मे पासून." धोंड्याचा महिना. जावई, अनारसे, चांदीचं ताट नाहीतर निदान वाटी, मुलीला साडी. तीन वर्षांतून एकदा येणारा खर्च, आणि मी वहीत तीन वर्षं मांडूनही तो कुठल्याच पायरीवर नव्हता. मी पटकन म्हटलं, अधिक 15 जूनपर्यंत आहे, 25 मे ला आपली जाड पायरी सुटते, हप्ता 9 जूनला, तोवर काहीतरी बघू, जावयांना 25 नंतर बोलवू. एफडीच्या तारखेला जावई बसवायचा, काय वाईट आहे.

ही फोन लावून बसलीच होती. मुलगी पुण्याहून म्हणाली, आई, यांना रजा 21 मे पासून चारच दिवस आहे.

हिनं फोन ठेवला, माझ्याकडं बघितलं, आणि स्टूल घेऊन माळ्याकडं निघाली.