पाणी उतरू द्या!

आमच्या घरात फ्लेमिंगोंची तारीख काका ठरवतात. दिवाळीचा फराळ संपला की म्हणतात, "रविवारी भिगवण. थंडी सुरू झाली, पक्षी आलेच असणार." थंडीने बदकं येतात हो. पण फ्लेमिंगोचं गणित वेगळं आहे. तो चोच उलटी करून उथळ पाण्यातला गाळ गाळून खातो, म्हणजे त्याला घोटा-गुडघाभर पाणी हवं. भिगवण उजनी धरणाच्या काठावर, आणि पावसाळ्यानंतर ते धरण तुडुंब असतं. हिवाळाभर कालव्यातून पाणी उसाला जातं, काठ उघडे पडतात, आणि मग जानेवारी-फेब्रुवारीत खरी पंगत बसते. थोडक्यात, आमच्या सहलीची तारीख काकांच्या नव्हे, उसाच्या हातात.

हे काकांना पटत नाही. म्हणून मी कुंभारगावच्या नावाड्याला फोन लावून स्पीकरवर टाकतो. "पाणी लई हाय सायेब. उतरू द्या, मीच फोन करतो." त्याचं मात्र ऐकतात.

फोन फेब्रुवारीत आला. पुण्याहून शंभरेक किलोमीटर, आणि उजाडताना नावेत बसायचं, म्हणून पहाटे चारला निघायचं ठरलं. नऊनंतर वारा सुटतो, ऊन डोळ्यांवर येतं आणि दहा नावा एकाच थव्यामागे लागतात. हे सगळं काकूंना आदल्या रात्री समजावलं, तरी चारला त्या उपम्याला फोडणी देत होत्या.

नावेत पहिला अर्धा तास वारकरी पक्षीच. काळं अंग, पांढरं कपाळ, शेकड्यांनी. "हे नकोत, पुढे चला," काका म्हणाले. पुढे शेकाट्या, थापट्या बदकं, आणि वाळक्या खोडावर मासा सोलत बसलेला कैकर. काठावर पट्टकदंब हंस झोपलेले. मी सांगितलं, हे हिमालय ओलांडून येतात. काकू म्हणाल्या, "मग झोपू दे की त्यांना. हळू बोला."

शेवटी लांबवर फिकट गुलाबी रेघ दिसली. नावाड्याने इंजिन बंद करून बांबू हातात घेतला. पुतण्या म्हणाला, "अजून जवळ घ्या ना!" तेवढ्यात थव्यातल्या माना वर झाल्या आणि सगळे एकाच दिशेला चालू लागले. नावाडी थांबला. "आता पुढं गेलो तर उडत्याल. मग दिसभर खाणं न्हाई त्यांचं."

"यातले काही मळकट का?" काकांनी दुर्बीण न काढता विचारलं. ती पिल्लं. गुलाबी रंग अन्नातून चढत जातो, त्याला काही वर्षं लागतात.

"म्हणजे अर्धे पैसे परत मागायचे?"

परतताना भिगवणला माशांची थाळी घेतली. मी वहीत पक्ष्यांची यादी करत होतो. काकांनी ताटातल्या तळलेल्या माशाकडे बोट दाखवलं.

"चिलापी लिहिलीस का? ही मात्र जवळून दिसली."