पंख्याकडे बोट

गेल्या आठवड्यात भर दुपारी लाइट गेली होती. दोन तासांनी आली आणि छताचा पंखा हळूहळू फिरायला लागला. आईच्या मांडीवर आमची चिमणी बसली होती. चिमणी म्हणजे माझ्या भावाची लेक, वय १३ महिने. तिने लगेच बोट वर केलं, "अं!" म्हणाली आणि मान वळवून आजीच्या तोंडाकडे बघितलं. आईला वाटलं, भूक लागली. तिने बिस्किट दिलं. चिमणीने ते मुठीत धरलं, पण खाल्लं नाही. पुन्हा बोट वर आणि पुन्हा आजीचा चेहरा.

मला तेव्हापासून राहून राहून वाटतंय की बाळाचं बोट दिसलं की आपण फार घाईने "काय हवंय?" म्हणतो. काही हवं असलं की बाळ वेगळं वागतं. नजर त्या वस्तूवर खिळते, अख्खा हात पुढे येतो, मूठ उघडझाप करते, नाही मिळालं तर किरकिर सुरू होते. इथे तसं काहीच नव्हतं. बोट पंख्याकडे आणि नजर माणसाकडे. आजीलाही पंखा दिसला का, एवढंच तिला बघायचं होतं.

हे फक्त आत्याच्या कौतुकातून सुचलेलं नाही. जर्मनीत लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेत उल्फ लिझकोव्स्की, मायकेल टोमासेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षाच्या बाळांवर एक प्रयोग केला, तो २००४ साली छापून आला. बाळासमोर एक बाई बसायची आणि थोड्या अंतरावर पडद्यातून अचानक बाहुली डोकवायची. बाळाने बोट केलं की त्या बाईने कसं वागायचं, हे आधीच ठरलेलं असे. काही बाळांच्या वेळी ती बाहुलीकडे बघायची, मग बाळाकडे बघून आनंदाने बोलायची. काहींच्या वेळी बाहुलीकडे न बघता फक्त बाळाशी हसून बोलायची. काहींच्या वेळी मुकाट्याने बाहुलीकडेच बघायची, आणि काहींच्या वेळी काहीच करायची नाही.

बाळाला फक्त बाहुली हवी असती, तर यातल्या कोणत्याच वागण्याने त्याचं समाधान झालं नसतं, कारण बाहुली कुणीच हातात देत नव्हतं. फक्त लाड हवे असते, तर हसून बोलणारी बाई पुरली असती. पण ती पुरली नाही. ती बाहुलीकडे बघतच नाही म्हटल्यावर बाळं त्याच बाहुलीकडे पुन्हा पुन्हा बोट करत राहिली, जणू "अगं, इकडे नाही, तिकडे बघ." बाई बाहुलीकडे बघून परत बाळाकडे वळली, की एकदा केलेलं बोट पुरायचं, आणि पुढची बाहुली आली की बाळ आपणहून पुन्हा दाखवायचं.

बोट करून चेहऱ्याकडे वळण्याचं कारण मला इथे सापडतं. आपलं लक्ष पोचलं का आणि आपल्यालाही त्याची मजा वाटली का, या दोन्हींचा पुरावा आपल्या डोळ्यांत नि चेहऱ्यावरच असतो. तो बघायला बाळ वळतं.

यावर दुसरं मतही आहे. काटारिना बेगुस आणि व्हिक्टोरिया साउथगेट यांनी २०१२ मध्ये १६ महिन्यांच्या मुलांबद्दल लिहिलं. ओळखीच्या वस्तूंची नावं बरोबर सांगणाऱ्या माणसासमोर ती मुलं जास्त बोट करत होती, चुकीची सांगणाऱ्यासमोर कमी. म्हणजे बोटात "हे काय?" असा प्रश्नही असतो. मला हे पटतं, पण मजा वाटून घेण्याची ओढ आधीची असावी असं वाटतं. चिमणीला पंख्याचं नाव आम्ही शंभरदा सांगितलंय, तरी ती दाखवतेच.

म्हणूनच बोट दिसलं की लगेच "काऊ कुठाय? भूभू कुठाय?" अशी परीक्षा सुरू करणं मला आवडत नाही. आणि मोबाइलवरून नजर न काढता "हो हो, छान" म्हणणं म्हणजे त्या प्रयोगातलं अपुरं उत्तर. भावाला मी हे स्पष्ट सांगितलं. त्याला थोडा राग आला, पण त्याने फोन बाजूला ठेवला.

एक गोष्ट काळजीपूर्वक लिहिते. दीड वर्षाच्या आसपास डॉक्टर विचारतात, "मूल नुसतं दाखवायला म्हणून बोट करतं का?" सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये स्वमग्नतेच्या लवकर तपासणीसाठी जी प्रश्नावली वापरली, तिच्यात हा प्रश्न होता. मागायला बोट आहे, पण दाखवायला नाही, नाव घेतल्यावर वळून बघणंही नाही, असं दिसलं तर बालरोगतज्ज्ञांना जरूर विचारा. पण नुसतं बोट नाही म्हणून घरीच निदान करू नका. काही मुलं उशिरा करतात, काही अख्ख्या पंजाने दाखवतात.

दुसऱ्या वर्षात यात एक बदल होतो. आधी बोट करून मग चेहरा बघणारं मूल, हळूहळू आधी चेहरा बघून मग बोट करायला लागतं. समोरच्याचं लक्ष आहे का, हे तपासूनच ते दाखवतं.

काल संध्याकाळी गॅलरीत तारेवर कावळा येऊन बसला. चिमणीने आधी माझ्याकडे बघितलं. मी दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते, पाठ तिच्याकडे. तिने बोट केलं नाही. मी वळले, आणि मग तिचं बोट वर गेलं.